एका मिक्सरचा रिव्ह्यू आणि त्याची शुद्ध प्रत

खटकलं ते एवढंच: एका मिक्सरचा रिव्ह्यू होता, वऱ्हाडातून आलेला, आणि त्याच्याखाली कुणीतरी त्याची 'शुद्ध' प्रत करून ठेवली होती. मूळ मजकुरात पूर्णविराम औषधालाही नव्हता. शुद्ध प्रतीत शोधूनही चूक सापडत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, पूर्णविरामसुद्धा नेमके. पण दोन्ही वाचल्यावर असं वाटत राहिलं की हे दोन वेगळ्या मिक्सरबद्दल लिहिलेलं आहे. पहिला मिक्सर कुरकुरत का होईना चालतो आहे, दुसरा जवळपास निकालात निघाला आहे. मधे घडलं होतं ते फक्त व्याकरण.

मूळ मजकूर असा:

"मि हा मिक्सर दिवाळी च्या आधी घेतला ७५० वॅट चा सुरुवातीला एकदम मस्त चालला चटनी बारीक होते ईडली चे पिठ पन चांगले निघते मागच्या हप्त्या पासुन आवाज करून राहिला एकदा डाळ वाटतांना बंद पडला खालुन लाल बटन दाबल तर चालु झाला मोठ्या भांड्या च्या खालुन पानी येते दुकानदार म्हणे रबर गेल असेल पैसे वसुल आहे अस म्हनता येनार नाही पन फेकुन द्यायचा बी नाही आमच्या सासुबाईला आवडला"

आणि ही शुद्ध प्रत:

"मी दिवाळीपूर्वी ७५० वॅट क्षमतेचा हा मिक्सर खरेदी केला. सुरुवातीला तो उत्तम चालत होता. चटणी बारीक होत होती व इडलीचे पीठही चांगले निघत होते. मात्र गेल्या आठवड्यात तो आवाज करत राहिला. डाळ वाटताना तो बंद पडतो व खालील लाल बटण दाबल्यावर पुन्हा सुरू होतो. मोठ्या भांड्यातून पाणी गळते. दुकानदाराच्या मते रबर खराब झाले आहे. एकंदरीत किमतीच्या मानाने मिक्सर समाधानकारक नाही."

आधी जे बिनधोक दुरुस्त करता येतं ते उरकून घेऊ, कारण अशा मजकुरातल्या दहापैकी आठ चुका त्यातच मोडतात. 'दिवाळी च्या', 'ईडली चे', 'हप्त्या पासुन', 'भांड्या च्या'. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून हवं, हे शाळेत शिकलेलं कुणी विसरत नाही. मोबाइलचा कीबोर्ड ते तोडतो. वरच्या पट्टीतला सुचवलेला शब्द उचलला की त्याच्यामागे एक रिकामी जागा आपोआप पडते आणि 'च्या' बिचारा एकटा लिहिला जातो. 'भांड्या च्या' नीट बघा. 'भांडे' याचं सामान्यरूप 'भांड्या' लिहिणाऱ्यानं अगदी बरोबर केलेलं आहे. म्हणजे व्याकरण डोक्यात पक्कं आहे, चूक बोटाची आहे. ही जागा मिटवताना कसलीही भीड बाळगायचं कारण नाही.

तसंच ऱ्हस्व-दीर्घाचं. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ पासून आपल्या मानगुटीवर आहेत, १९७२ मध्ये आणखी चार आले, आणि आजही शाळा, छापखाने, सरकारी कागद त्या अठरांवरच चालतात. त्यांतले इथे लागणारे दोनच. शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ, म्हणून 'मी' आणि 'चालू'. शेवटच्या अक्षरात अ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकारही दीर्घ, म्हणून 'पीठ', 'वसूल', 'खालून', 'पासून', 'फेकून'. दुसऱ्या नियमात एक पाय घसरण्याची जागा आहे. 'पीठ' दीर्घ, पण 'पिठाचे', 'पिठात' मात्र ऱ्हस्व. उत्साही दुरुस्तीवाले एकदा 'पीठ' दीर्घ केलं की सगळीकडे दीर्घ करत सुटतात आणि 'पीठाचे' करून बसतात, म्हणजे होतं ते बिघडवतात. 'वाटतांना' मधला अनुस्वार उच्चारात नाही, तो काढायचा. उलट 'दाबल', 'गेल', 'अस' यांवर तो हवा: 'दाबलं', 'गेलं', 'असं'. बोलल्यासारखं लिहायचं असेल तर ही रूपं शीर्षबिंदू देऊन लिहायची मोकळीक आहे, तेव्हा त्यांचं 'दाबले', 'गेले', 'असे' करत बसू नये. तसं केलं की माणूस बोलता बोलता अचानक इस्त्री केलेल्या कपड्यात उभा राहतो.

याच मजकुरात 'चांगले' आहे आणि 'दाबलं'ही आहे. एकाच वाक्यसमूहात लेखी आणि बोली रूपांची अशी सरमिसळ दिसली की संपादकाचा हात शिवशिवतो. शिवशिवू द्यावा. बहुतेक मराठी माणसं अशीच लिहितात, पहिल्या दोन ओळींत शाळेतला निबंध आठवतो आणि मग विषय तापला की जीभ पुढे येते. या रिव्ह्यूत तर ते नेमकं दिसतं: कौतुक लेखी भाषेत आहे, तक्रार बरीचशी बोलीत.

आता 'न' आणि 'ण'. 'चटनी', 'पन', 'पानी', 'म्हनता', 'येनार'. वऱ्हाडात बोलताना ण चा न होतो हे खरं आहे, आणि म्हणून हे सगळं बोलीचा बाज समजून जसंच्या तसं ठेवावं असा मोह होतो. पण ठरवण्याची एक साधी रीत आहे. सगळीकडे न असेल, तर तो कानाचा न असू शकतो. एका ठिकाणी जरी ण सापडला, तर लिहिणाऱ्याला ण लिहायचा असतो, तो बोटाखाली येत नाही एवढंच. इथे 'म्हणे' हा शब्द ण नं लिहिलेला आहे. म्हणजे 'म्हनता' ही बोली नव्हे, टंकलेखनाची घाई. 'बटन' मात्र इंग्रजीतून आलेलं, ते न नंही चालतं आणि ण नंही. बाकीच्या ओळीशी जुळावं म्हणून मी 'बटण' करेन, पण कुणी ठेवलं तर भांडणार नाही.

इथवर कुणाचंच काही गेलं नाही. मजकूर वाचायला सोपा झाला, आणि लिहिणाऱ्यानं तो पाहिला तर त्याला 'हो, मला हेच लिहायचं होतं' असं वाटेल. दुरुस्ती हद्दीत आहे की नाही याची माझ्या लेखी हीच कसोटी.

काळ बदलला की गोष्ट बदलते.

मूळ वाक्य आहे 'सुरुवातीला एकदम मस्त चालला', भूतकाळ. लगेच पुढे 'चटनी बारीक होते', 'पिठ पन चांगले निघते', वर्तमानकाळ. शुद्ध प्रत करणाऱ्याला हे विसंगत वाटलं असणार. एकाच वाक्यात दोन काळ कसे? म्हणून त्यानं सगळं भूतकाळात ओढलं: 'चटणी बारीक होत होती', 'पीठ निघत होते'. कानाला गोड लागतं. पण मराठीत 'होत होती' म्हटलं की ऐकणारा पुढचा प्रश्न मनातच विचारतो: मग आता होत नाही का? मूळ लेखकाचं म्हणणं बरोबर उलट आहे. मिक्सर पहिल्यासारखा मस्त चालत नाही, आवाज करतो, पण वाटण अजूनही बारीकच होतं. मिक्सर घ्यायला निघालेल्या माणसाला याहून महत्त्वाची बातमी कुठली? आणि ती दोन क्रियापदांच्या काळात होती. तिथे दुरुस्ती करायची होती ती फक्त विरामचिन्हाची. 'चालला' नंतर पूर्णविराम द्यायचा, म्हणजे 'सुरुवातीला' हा शब्द त्याच वाक्यात कोंडला जातो आणि 'चटणी बारीक होते' हे आजचं विधान म्हणून मोकळं उभं राहतं.

मग 'एकदा'. मूळ: 'एकदा डाळ वाटतांना बंद पडला'. शुद्ध प्रत: 'डाळ वाटताना तो बंद पडतो'. एक शब्द गाळला, एक प्रत्यय बदलला. ज्यानं मिक्सर कधी उलटा करून पाहिला आहे त्याला यातली गंमत कळेल. बुडाशी जे छोटं लाल बटण असतं ते ओव्हरलोडचं. भिजवलेली डाळ भांड्यात जास्त भरली, पाणी कमी पडलं, पातं अडखळायला लागलं की मोटर जास्त वीज ओढते, आणि गुंडाळी जळायच्या आत तो स्विच वीज तोडतो. मग भांडं उतरवायचं, माल निम्मा करायचा, मोटर जरा निवू द्यायची आणि बटण दाबायचं. एकदा असं झालं तर मिक्सरनं स्वतःला वाचवलं, यंत्र ठणठणीत आहे. प्रत्येक वेळी होत असेल तर मोटरच्या ताकदीत किंवा त्या स्विचमध्ये काहीतरी गडबड आहे आणि मिक्सर परत करावा. 'पडला' आणि 'पडतो' यांच्यामधे इतकं अंतर आहे. 'पडला'ला व्याकरणाची कसलीही अडचण नव्हती, 'पडतो' हे फक्त रिव्ह्यूच्या ठरीव साच्यातलं. वस्तूबद्दल लिहायचं म्हणजे ती काय 'करते' ते लिहायचं, काय 'झालं' ते नव्हे, असा एक समज लोकांच्या हाताला लागलेला आहे. वापरलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं मात्र जे झालं तेच असतं.

पाण्याचं वाक्य त्याहून निसटतं. 'मोठ्या भांड्याच्या खालून पाणी येते' याचं 'मोठ्या भांड्यातून पाणी गळते' झालं. दुसरं वाक्य जास्त मराठी वाटतं हे मान्य. पण मिक्सरचं भांडं दोन जागी गळतं. वर झाकणाची रबरी रिंग सैल झाली तर कडेनं ओघळतं. ती रिंग कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते आणि घरीच बसवता येते. खाली गळत असेल तर पात्याची दांडी बुडातून ज्या बुशमधून खाली उतरते तो बुश किंवा त्याच्यावरचं सील झिजलेलं असतं, आणि ते पाणी थेट भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरवर, तिथून मोटरच्या तोंडाशी जातं. ते दुरुस्तीवाल्याचं काम आहे आणि लांबणीवर टाकण्यासारखं नाही. 'खालून' हा शब्द नुसता दिशा सांगत नाही, रोग सांगतो. आणि आता आवाजाचं वाक्य शेजारी ठेवा. बुश झिजला की दांडी डगमगते, डगमगली की खरखर वाढते. मागच्या काही दिवसांपासून चालू असलेला आवाज आणि मोठ्या भांड्याखालचं पाणी, ही दोन्ही लक्षणं एकाच झिजलेल्या बुशची असण्याची बरीच शक्यता आहे. खात्री करायची तर लहान भांडं लावून पाहायचं. आवाज गेला तर मोटर निर्दोष, दोष मोठ्या भांड्याचा. लिहिणाऱ्याला हे माहीत असेल-नसेल. पण त्याने जे पाहिलं ते नेमकं लिहिलं, म्हणून वाचणारा जाणकार तिथवर पोचू शकतो. शुद्ध प्रत वाचून कुणीच पोचू शकत नाही. तिथे बंद पडणारी मोटर, गळणारं भांडं आणि खराब रबर अशी तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

रबरावरून दुकानदार. 'दुकानदार म्हणे रबर गेल असेल'. या पाच शब्दांत दोन पडदे आहेत: सांगणारा दुसरा, आणि त्यालाही खात्री नाही. दुकानदारानं भांडं उघडून पाहिलं असावं असं त्यावरून वाटत नाही. गल्ल्यावर बसल्या बसल्या सांगितलं असावं. 'दुकानदाराच्या मते रबर खराब झाले आहे' या वाक्यात पहिला पडदा कसाबसा शिल्लक आहे, दुसरा फाटला. 'असेल' गेलं आणि अंदाजाचं निदान झालं. ऐकीव गोष्ट ऐकीव ठेवायला मराठीत किती तरी सोय आहे. 'म्हणे', 'असेल', 'असावं', 'वाटतं', 'बहुतेक', 'की काय'. संपादकांना हे शब्द फापटपसारा वाटतात आणि लेख कापताना पहिली कात्री यांच्यावरच चालते. बातमीत चालत असेल. अभिप्रायात हे शब्द म्हणजे साक्षीदारानं स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं याची नोंद आहे. कोर्टात कुणी साक्षीदाराचं 'असेल' खोडून 'आहे' लिहिलं तर काय होईल?

बोलीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे खात्रीनं बोलणारी माणसंच जास्त घोळ घालतात. 'आवाज करून राहिला' हे वाक्य नागपूर-अमरावतीकडे म्हणजे 'आवाज करतोय', आत्ता, या घडीला. पुण्याच्या कानाला ते 'करत राहिला'चं चुकलेलं रूप वाटतं, आणि शुद्ध प्रतीत तेच झालं. पण 'करत राहिला' म्हणजे तेव्हा करत होता, थांबत नव्हता. त्यात आजचं काही नाही. वर 'हप्त्यापासून'चं 'आठवड्यात' झाल्यामुळे तो आवाज पुरता भूतकाळात गेला. गेल्या आठवड्यात झाला, मिटला. बोलीचं वाक्य ज्याला अर्थासकट कळत नाही त्यानं ते दुरुस्त करायला घेऊ नये, हे इतकं उघड आहे की सांगायला नको होतं. आणि अर्थ कळत असेल तर? मग दोन वाटा आहेत. 'आवाज करतोय' असं प्रमाण रूप द्यायचं, किंवा आहे तसं ठेवायचं. मी ठेवेन. 'करून राहिला' आता सगळ्या महाराष्ट्राच्या कानावरून गेलेलं आहे, वाचणारा अडत नाही, आणि हे वाक्य काढलं तर अख्ख्या मजकुरातला वऱ्हाडी माणूस उठून जातो. तोच न्याय 'फेकून द्यायचा बी नाही' मधल्या 'बी'ला.

असे सापळे सगळ्या दिशांना आहेत. सोलापूरकडून 'मी चौकशी केलो' असं लिहून आलं तर ते कर्मणी प्रयोगाचं अज्ञान नसतं, तिकडची बोलायची रीत असते. कोल्हापूर भागात बायकाही 'मी वापरतो', 'मी करतो' म्हणतात; वर नाव बाईचं आहे म्हणून 'वापरते' केलं तर बोलणारी बाई कोल्हापूरची राहत नाही. आणि आपल्या मिक्सरवाल्या मजकुरात तर लिहिणारं माणूस बाई आहे की पुरुष हेच कळत नाही. 'मी मिक्सर घेतला' यातलं क्रियापद मिक्सरच्या मागे जातं, सासूबाई दोघांनाही असतात. पूर्ण मजकुरात कुठेही ते उघड होत नाही. 'मी रोज वापरते' असलं एक साधं जोडवाक्य संपादकानं घातलं तरी त्यानं न विचारता कुणाचं तरी लिंग ठरवून टाकलेलं असतं.

सासूबाईंचं वाक्य शुद्ध प्रतीत गाळलंच आहे. मुद्द्याचं नाही म्हणून असेल, किंवा समाधानकारक नसलेला मिक्सर सासूबाईंना आवडला हे निष्कर्षात बसत नाही म्हणून. पण माणसाचं मत असंच असतं ना? पैसे वसूल झाले म्हणता येत नाही, फेकायचाही नाही, आणि घरातल्या ज्या बाईनं बहुधा पाट्यावर वाटण वाटलं तिला तो आवडला. हे तीन तुकडे जुळवायला गेलं की मत गुळगुळीत होतं. 'सासूबाईला' याचं आदरार्थी 'सासूबाईंना' करावं का, हाही प्रश्न आहे. पुस्तकी उत्तर 'हो'. माझं उत्तर 'नाही'. कुणाच्या घरात सासूला कसं बोलतात ते त्या घरानं ठरवायचं. 'पैसे वसूल आहे' याचं 'आहेत' मात्र मी करेन. ते वचनाचं आहे, त्यानं मत तसूभर हलत नाही.

करायचं कसं, तर मला एक क्रम उपयोगी वाटतो. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली ठेवायची आणि मजकुरातल्या विधानांची कच्ची यादी करायची, आपल्या शब्दांत नव्हे, त्यांच्या शब्दांत: दिवाळीच्या आधी घेतला; सुरुवातीला मस्त चालला; चटणी बारीक होते; पीठ चांगले निघते; मागच्या हप्त्यापासून आवाज; एकदा बंद पडला, डाळ वाटताना, बटण दाबल्यावर चालू झाला; मोठ्या भांड्याच्या खालून पाणी; दुकानदाराचा अंदाज; वसूल नाही पण फेकायचा नाही; सासूबाईला आवडला. दुसऱ्या वाचनात जागा, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, न-ण. तिसऱ्या वाचनात विरामचिन्हं, सावकाश, कारण पूर्णविराम कुठे पडतो यावर 'सुरुवातीला' आणि 'एकदा' हे शब्द कुणाच्या वाट्याला जातात ते ठरतं. मग मूळ मजकूर झाकायचा, आणि फक्त दुरुस्त प्रतीवरून पुन्हा तशीच यादी करायची. दोन याद्या शेजारी ठेवायच्या. काळ, 'एकदा', 'खालून', 'असेल', यांपैकी कशातही फरक दिसला तर आपण व्याकरण सोडून दुसरंच काही करत होतो. शुद्ध प्रतीची अशी यादी केली तर दहापैकी जेमतेम दोन विधानं शाबूत उरतात, दिवाळीच्या खरेदीचं आणि सुरुवातीला मस्त चालल्याचं.

भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000:2022 हे मानक आणलं. रिव्ह्यू गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि प्रसिद्ध कसे करावेत याबद्दलचं ते आहे; सचोटी, अचूकपणा, पारदर्शकता ही त्यातली काही तत्त्वं. आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. पण खोट्या रिव्ह्यूची चर्चा बहुधा पैसे देऊन लिहून घेतलेल्या कौतुकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कुणाचाही वाईट हेतू नसताना, फक्त शुद्धलेखन सुधारता सुधारता खरा रिव्ह्यू किती खोटा होऊ शकतो, याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. विकणाराच दुरुस्त करणारा असला तर शंका तरी घेतली जाते. घरातला शिकलेला भाचा दुरुस्त करत असला तर तेवढीही नाही, आणि मामीच्या बोलण्यावर सगळ्यात जास्त रंधा तोच मारतो.

एक शब्द मात्र विचारल्याशिवाय सोडवता येत नव्हता: 'हप्ता'. वऱ्हाडात हप्ता म्हणजे आठवडा. पण विकत घेतलेल्या वस्तूच्या रिव्ह्यूत 'मागच्या हप्त्यापासून' असं वाचलं की पुण्या-मुंबईचा वाचक कर्जाचा हप्ता समजू शकतो, आणि तसा अर्थ अगदीच अशक्य नाही. मिक्सर हप्त्यानं घेतात लोक. मागचा मासिक हप्ता म्हणजे महिनाभराचा आवाज, आठवडा म्हणजे सात दिवसांचा. बोली म्हणून ठेवावं तर तथ्य डळमळतं, बदलावं तर आपण अंदाज बांधतो. अशा वेळी विचारायचं, आणि विचारताना उत्तर सुचवायचं नाही. 'आठवडा ना?' असं नाही; 'हप्ता म्हणजे किती दिवस?' असं. उत्तर मेसेजवर आलं: "आठवडा. पैसे एकदाच दिले." त्यातूनही बाई की पुरुष कळलं नाही. इथे मी 'आठवड्यापासून' केलं, कारण लिहिणाऱ्यानं स्वतःच तो शब्द दिला. प्रत अशी झाली:

"मी हा मिक्सर दिवाळीच्या आधी घेतला, ७५० वॅटचा. सुरुवातीला एकदम मस्त चालला. चटणी बारीक होते, इडलीचे पीठ पण चांगले निघते. मागच्या आठवड्यापासून आवाज करून राहिला. एकदा डाळ वाटताना बंद पडला, खालून लाल बटण दाबलं तर चालू झाला. मोठ्या भांड्याच्या खालून पाणी येते. दुकानदार म्हणे, रबर गेलं असेल. पैसे वसूल आहेत असं म्हणता येणार नाही, पण फेकून द्यायचा बी नाही. आमच्या सासूबाईला आवडला."

जाता जाता अजून एक प्रश्न मी विचारून बसलो, जो खरं तर दुरुस्ती करणाऱ्यानं विचारायचा नसतो: बंद पडला तेव्हा भांडं किती भरलं होतं? उत्तर लगेच आलं. "काठोकाठ. पण ते कशाला लिहायचं." तर लिहिलेलं नाही. माहिती माझ्याकडे आहे, वाक्य माझं नाही. लाल बटणाचा उल्लेख वर आहेच. ज्याच्या ओट्यावर मिक्सर आहे त्याला तेवढ्यावरून भांडं किती भरलं असेल ते कळतं.